क्रॉस-एन्कोडर रीरँकिंग: प्रत्येक शोधामागे पावणेदोन सेकंद जास्त. ठेवायचं की काढायचं?

ओंजळभर

यंत्रांच्या दुरुस्ती-पुस्तिकांवर आमचा एक शोध चालतो. साधारण चाळीस हजार उतारे आहेत. ग्राहकाचा फोन चालू असतानाच मदत-कक्षातली माणसं त्यात शोधतात आणि पडद्यावर त्यांना पाच निकाल दिसतात. पहिल्या टप्प्यात बीएम२५ आणि व्हेक्टर शोध असे दोन्ही चालतात आणि दोन्ही याद्या आरआरएफने एकत्र होतात. या सगळ्याला ८० मिलिसेकंद लागतात.

मागच्या आवृत्तीत आम्ही त्यावर `cross-encoder/ms-marco-MiniLM-L-6-v2` बसवला. वरचे १०० उमेदवार त्याला देतो आणि तो पुन्हा क्रम लावतो. निकाल डोळ्यांना चांगले दिसतात, पण जीपीयू नाही, चार कोअरचं मशीन आहे, त्यामुळे आता जवळपास प्रत्येक शोधाला १.९ सेकंद लागतात. साहेब म्हणतात काढून टाका. टीममधले म्हणतात ठेवा. दोघांकडेही आकडे नाहीत, नुसती मतं आहेत. अशा वेळी निर्णय कशावर घेतात?

घाईत_आहे

ठेवा की! क्रॉस-एन्कोडर प्रश्न आणि उतारा एकत्र वाचतो, एम्बेडिंगला ते कधीच जमणार नाही. उलट १०० उमेदवार कमीच आहेत. २०१९ च्या नोगुइरा-चो यांच्या पेपरमध्ये बीएम२५ चे वरचे १००० घेऊन बर्टने पुन्हा लावले होते आणि एमएस मार्कोवर आकडे दुपटीच्या वर गेले होते. वेळ लागतोय तर जीपीयू घ्या, विषय संपला.

तळटीप

घाईत_आहे, पेपरचं बरोबर सांगितलंत. पण तिथे पहिला टप्पा नुसता बीएम२५ होता आणि उतारे छोटे होते. वर आणायला भरपूर काही खाली पडलेलं होतं, म्हणून उडी मोठी दिसली. ओंजळभर यांच्याकडे व्हेक्टर शोध आधीच आहे, तेव्हा खाली किती पडलंय हे आधी बघायला हवं.

ओंजळभर, एकच गोष्ट मोजा. रीरँकर नवीन उतारा आणत नाही, आहे त्याच यादीत वरखाली करतो. तुमची माणसं पाच निकाल बघतात. म्हणजे योग्य उतारा पहिल्या टप्प्यातच पाचात असेल तर रीरँकरने फार तर तो बिघडवायचाच बाकी राहतो. शंभरातही नसेल तर तो काहीच करू शकत नाही. त्याची सगळी कमाई सहाव्या ते शंभराव्या क्रमांकात अडकलेल्या उताऱ्यांत आहे.

लॉगमधून खरे प्रश्न घ्या, दोनशे पुरेत. प्रत्येकाचा योग्य उतारा जाणकार माणसाकडून ठरवून घ्या आणि पहिल्या टप्प्यात तो कितव्या क्रमांकावर होता ते लिहा. एक सांभाळा: योग्य उतारा कोणता हे क्लिकवरून ठरवू नका. क्लिक फक्त दाखवलेल्या पाचांवरच पडतात, त्यामुळे जे खाली राहिलं ते कायमचं चुकीचं ठरतं. बीएम२५, व्हेक्टर आणि रीरँकर, तिघांच्या वरच्या दहा-दहांची सरमिसळ करा आणि कोणी काय आणलं हे न सांगता जाणकारापुढे ठेवा.

रात्रपाळी

आम्ही पाच महिन्यांपूर्वी रीरँकर काढला आणि काहीही फरक पडला नाही, तेव्हा माझं मत काढण्याकडे. आमच्याकडे उत्तर भाषा-मॉडेल लिहितं, त्याला वरचे २० उतारे जातात.

तळटीप

रात्रपाळी, तुमचा अनुभव खरा आहे, पण प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे वाचणारा वीस उतारे घेतो. योग्य उतारा चौथा होता तो पहिला झाला, तरी तो विसात होताच आणि आहेच. क्रमाचा थोडाफार परिणाम होतो, पण मुख्य कमाई एकविसाव्याच्या पुढे असणार आणि तिथे तुमच्याकडे बहुधा फार काही नसावं. वीसऐवजी पाच द्यायचे ठरवलेत तर गणित बदलेल. प्रॉम्प्ट लहान झाला की मॉडेल पहिला शब्द लवकर देतं आणि रीरँकिंगला गेलेला वेळ त्यातून थोडाफार भरूनही निघतो.

रात्रपाळी

पाच देऊन बघितलेच नाहीत आम्ही. बघतो.

पुठ्ठा

सुट्या भागांच्या शोधाचा माझा अनुभव सांगतो. आमचे प्रश्न म्हणजे अर्धे नुसते भाग-क्रमांक. रीरँकर बसवला आणि पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. माणूस एक क्रमांक टाकतो आणि शेवटचा आकडा वेगळा असलेला भाग वर येतो. बीएम२५ कधीच असं करत नव्हता. तुमच्याकडे एरर कोड असतील तर जपून.

ओंजळभर

कोड आहेत ना, भरपूर. बघते. मोजायला घेतलंय, आकडे आले की टाकते.

नवखा_वाचक

मधेच विचारतो. उताऱ्यांचं काम आधी करून ठेवता येत नाही का? व्हेक्टर जसे आधीच काढून ठेवतो तसे क्रॉस-एन्कोडरचेही रात्री काढून ठेवले तर शोधाच्या वेळी काही लागणारच नाही.

तळटीप

नाही जमत, आणि तो महाग का पडतो त्याचं कारणही तेच. यात उताऱ्याचा वेगळा व्हेक्टर तयारच होत नाही. प्रश्न आणि उतारा एका ओळीत जोडून आत जातात, प्रत्येक थरात प्रश्नातले शब्द उताऱ्यातल्या शब्दांकडे बघतात आणि शेवटी एकच आकडा बाहेर येतो. प्रश्न बदलला की सगळं पुन्हा. तेच तेच प्रश्न शब्दशः येत असतील तर निकाल कॅशमध्ये ठेवता येतात. तुम्ही म्हणता तसं अर्धं काम आधी करून ठेवायचं असेल तर कोलबर्टसारखी पद्धत आहे. ती प्रत्येक टोकनचा व्हेक्टर साठवते आणि शोधाच्या वेळी फक्त जुळणी करते. पण मग साठवण फुगते. चाळीस हजार उताऱ्यांना ते झेपेल, तरी तो या धाग्याचा विषय नाही.

ओंजळभर

आकडे आले. २०० प्रश्न, दोन जाणकारांनी उतारे ठरवले, कोणी काय आणलं ते झाकून.

पहिल्या टप्प्यात योग्य उतारा पाचात होता अशा प्रश्नांची संख्या १२१. सहा ते तीसमध्ये ४१. एकतीस ते शंभरमध्ये फक्त ९. शंभरातही नाही असे २९.

रीरँकर लावल्यावर पाचात १४७. म्हणजे २६ ने वाढ. मी खूश होते, पण फोडून बघितलं तर आधीच्या १२१ पैकी ७ पाचाच्या बाहेर फेकले गेलेत. मधल्या ४१ पैकी ३० वर आले आणि खालच्या ९ पैकी ३.

तळटीप

छान मोजलंत. यातून आधी वेळ कमी करू, मग त्या सातांकडे बघू.

एकतीस ते शंभर या सत्तर उमेदवारांवर तुमचा सत्तर टक्के वेळ जातो आणि तिथून ३ प्रश्न मिळतात. तीसच उमेदवार द्या आणि पुन्हा मोजा. उमेदवार वाढले की योग्य उताऱ्याची शक्यता थोडी वाढते, पण दिसायला योग्य आणि प्रत्यक्षात चुकीचे असे उतारेही वाढतात, आणि त्यातला एखादा वर चढून बसतो. घाईत_आहे यांच्या हजाराला माझा आक्षेप याचसाठी.

घाईत_आहे

मान्य, पण मग वाचलेल्या वेळात मोठं मॉडेल घ्या. एल-६ ऐवजी एल-१२.

तळटीप

याच कुळातल्या मॉडेलांचे आकडे मॉडेल कार्डवरच दिलेत. एमएस मार्कोच्या डेव्ह संचावर एमआरआर@१० एल-६ चा ३९.०१ आणि एल-१२ चा ३९.०२. व्ही१०० कार्डावरचा वेग एल-६ चा सेकंदाला १८०० उतारे, एल-१२ चा ९६०. शंभरांशाच्या फरकासाठी वेग निम्मा करायचा? दुरुस्ती-पुस्तिकांवर चित्र वेगळं असू शकतं, पण पैज लावायची असेल तर मी एल-१२ वर लावणार नाही.

आणि जीपीयू घेतला की विषय संपतो, हेही तितकंसं खरं नाही. सेकंदाला वीस शोध आले आणि प्रत्येकी शंभर उमेदवार असले तर २००० जोड्या होतात. म्हणजे कार्डावरचे १८०० सुद्धा अपुरे पडून रांग वाढत जाईल. शिवाय ते १८०० एमएस मार्कोच्या आखूड उताऱ्यांवरचे आहेत, लांब उताऱ्यांवर तेवढे मिळणार नाहीत. तीस उमेदवारांना तेच सहाशे होतात.

ओंजळभर

तीसवर मोजलं. पाचात १४६. वेळ ०.६ सेकंद. शंभरला १४७ होते, म्हणजे एकाने कमी.

तळटीप

एकाचा फरक म्हणजे काहीच नाही, दोनशे प्रश्नांत तो कुणाच्याही बाजूने पडू शकतो. मूळ २६ ची वाढ मात्र अशी नाही. तिथे ३३ वर आले आणि ७ खाली गेले. जे बदलले तेवढेच बघायचे, न बदललेल्यांतून काही कळत नाही. ३३ विरुद्ध ७ योगायोगाने होत नाही.

आता त्या सातांचे उतारे उघडून बघा. आधी लांबी बघा.

ओंजळभर

सातही उघडले. चार उतारे खूप लांब निघाले. दोष-तक्ते आहेत, वर यंत्राचं वर्णन आणि उपाय खालच्या ओळींत. दोन ठिकाणी एरर कोडचा गोंधळ, पुठ्ठा म्हणाले तसाच: प्रश्नात `E4031` आणि वर आला `E4037` चा उतारा. एक उतारा असा की आमच्या जाणकारांचंच त्यावर एकमत नाही.

तळटीप

लांब उताऱ्यांचं कारण जवळपास नक्की सांगता येईल. या मॉडेलला प्रश्न आणि उतारा मिळून ५१२ टोकन जातात. त्याच्या पुढचं शेपूट कापलं जातं आणि कुठे चूक म्हणून दिसत नाही. तुमचा उपाय खालच्या ओळीत आहे आणि मॉडेलने तो वाचलेलाच नाही. बीएम२५ पूर्ण उतारा बघतो, म्हणून त्याने बरोबर आणला होता. हे चालवून खात्री करा:

```python
tok = model.tokenizer
n = [len(tok(q, c.text)["input_ids"]) for c in cands]
print(sum(x > 512 for x in n), "/", len(n))
```

इथे टोकनायझरला `truncation` दिलेलं नाही, म्हणून खरी लांबी मिळेल. तक्त्यांत आकडे आणि कोड जास्त असतात, त्यांचे तुकडे होत जातात, त्यामुळे शब्द कमी दिसले तरी टोकन बरेच निघतात.

उपाय म्हणून फक्त लांब उताऱ्यांचे दोन एकमेकांवर थोडे चढणारे भाग करा, दोन्हींना गुण द्या आणि मोठा गुण धरा. सगळ्यांचे भाग करू नका, उगाच जोड्या दुप्पट होतील.

कोडच्या बाबतीत मी मॉडेलशी भांडत बसणार नाही. `E4031` आणि `E4037` टोकनायझरमधून जाताना फुटतात आणि एखाद्या तुकड्याचाच फरक उरतो, बाकी सगळा उतारा सारखा. प्रश्नात कोड ओळखू आला तर तो कोड जसाच्या तसा असलेले उतारे वर बांधून ठेवा आणि उरलेल्यांनाच रीरँकर लावा. एक नियम पुरतो.

पुठ्ठा

आम्ही शेवटी हेच केलं. फक्त माणसं कोडमध्ये जागा सोडतात, आडवी रेघ टाकतात, लहान अक्षरं लिहितात. नियम लावायच्या आधी ते सगळं साफ करा, नाहीतर निम्मे कोड सुटतात.

ओंजळभर

लांबीची शंका खरी निघाली, चारही ५१२ च्या पुढे होते. भाग केले, कोडचा नियम लावला, पुठ्ठा यांच्या साफसफाईसकट. आता पाचात १५१, पण भागांमुळे वेळ ०.७ वर गेला.

तळटीप

बॅच कशी करता? एका बॅचमध्ये सगळ्या जोड्या सर्वांत लांब जोडीइतक्या भरल्या जातात. दीडशे टोकनांचा उतारा पाचशेवाल्याशेजारी बसला की त्याच्यावरही पाचशेंचा खर्च होतो. लांबीनुसार लावून घ्या आणि आठ-आठच्या बॅच करा. मॉडेल प्रत्येक विनंतीला नव्याने लोड होत नाही ना, आणि चार कोअरवर चार प्रक्रिया प्रत्येकी चार धागे उघडून एकमेकींचे पाय ओढत नाहीत ना, हेही बघा.

ओंजळभर

प्रक्रियांच्या धाग्यांचं बरोबर ओळखलंत! सर्व्हरच्या चार प्रक्रिया होत्या आणि प्रत्येक जण सगळे कोअर धरत होता. ते नीट केलं, लांबीनुसार बॅच केल्या, आता नुसत्या रीरँकिंगला ०.३५ सेकंद.

तरी साहेबांचा प्रश्न उरतोच: ८० मिलिसेकंदांऐवजी ४३० का?

तळटीप

पाचात उत्तर नाही मिळालं तर तुमची माणसं काय करतात? शब्द बदलून पुन्हा शोधत असतील, तर पहिल्या आणि दुसऱ्या शोधातलं अंतर लॉगमध्ये असेलच.

ओंजळभर

आहे. मधलं अंतर साधारण १५ सेकंद.

तळटीप

मग गणित सोपं आहे. आता २०० पैकी ३० शोधांना दुसरी फेरी लागत नाही. ३० गुणिले १५ म्हणजे ४५० सेकंद, ते दोनशेवर वाटले की प्रत्येक शोधामागे सव्वादोन सेकंद वाचतात. मोजता ०.३५. हा सौदा उघड फायद्याचा आहे.

जुन्या मांडणीत बघा: २६ गुणिले १५ भागिले २०० म्हणजे १.९५ सेकंद वाचत होते आणि तुम्ही १.८ मोजत होतात. जेमतेम बरोबरी. साहेब आणि टीम, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

रात्रपाळी

हे मला पटत नाही. उशीर प्रत्येकाला सोसावा लागतो, फायदा सहा-सातांत एकाला. सरासरी काढून दोन्ही सारखे कसे धरता? शिवाय उत्तर नाही मिळालं की सगळे पुन्हा शोधत नाहीत, काही जण शेजारच्याला विचारतात. ते लॉगमध्ये येत नाही.

तळटीप

दुसरा मुद्दा खरा आहे, आणि तो दोन्ही बाजूंना ओढतो. शेजारच्याला विचारायला १५ सेकंदांपेक्षा जास्तही लागतील, किंवा पुस्तिका पाठ असलेला शेजारी असेल तर पाचही पुरतील. पहिल्याबद्दल, ०.३५ ला मी सरासरी बिनधास्त धरेन, दोन सेकंदांना नाही. दोन सेकंदांत माणूस वाट न बघता पुन्हा टाइप करायला लागतो आणि मग १५ हा आकडाच बदलतो.

घाईत_आहे

एक सुचवतो. पहिल्या टप्प्यात पहिला आणि दुसरा यांच्यात मोठं अंतर असेल तर रीरँकर वगळा. सोप्या प्रश्नांना उगाच का थांबवायचं?

तळटीप

कल्पना चांगली, पण आरआरएफनंतर ते अंतर शिल्लकच राहत नाही. त्यात फक्त क्रमांक मोजले जातात. सूत्रातला स्थिरांक नेहमीचा ६० धरला तर दोन्ही याद्यांत पहिल्या असलेल्याला १/६१ + १/६१ म्हणजे ०.०३२८ आणि दोन्हींत दुसऱ्याला ०.०३२३. पहिला उतारा अचूक असो की भरकटलेला, आकडे हेच. बीएम२५ चा मूळ गुण घ्याल तर तो प्रश्नात शब्द किती आणि किती दुर्मीळ यावर हलतो, म्हणून सगळ्या प्रश्नांना एकच उंबरठा चालत नाही.

त्याऐवजी दोन्ही याद्यांचा पहिला उतारा एकच आहे का ते बघा. दोन वेगळ्या पद्धती एकाच उताऱ्यावर आल्या तर तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

ओंजळभर

लगेच मोजलं. २०० पैकी ५८ प्रश्नांत दोन्हींचा पहिला एकच. त्यातल्या ५५ मध्ये योग्य उतारा पाचात आहेच. उरलेल्या तिघांपैकी एकालाच रीरँकर वर आणतो.

घाईत_आहे

बघा! म्हणजे जवळपास तीस टक्के शोध फुकटात.

तळटीप

सरासरीपुरतं खरं. ज्या प्रश्नांना रीरँकर लागतो त्यांना तेवढाच वेळ लागणार, त्यामुळे पंचाण्णवावा शतमक हलणार नाही. साहेब तोच बघत असतील तर त्यांना काही बदललेलं दिसणार नाही. मशीनवरचा भार मात्र कमी होईल, गर्दीच्या वेळी ते कामाला येईल. त्याच वेळेसाठी एक मर्यादाही घाला: रीरँकरचं उत्तर ६०० मिलिसेकंदांत नाही आलं तर पहिल्या टप्प्याचा क्रम तसाच दाखवायचा. आणि असं किती वेळा झालं ते नोंदवा, नाहीतर रीरँकर महिनाभर बंद असेल आणि कुणाला कळणार नाही.

नवखा_वाचक

ते २९ प्रश्न, शंभरातही नसलेले, त्यांचं काय झालं?

ओंजळभर

तिथेच अडकलेय. बरेचसे असे आहेत की फोनवरचा माणूस "घरघर आवाज येतो" म्हणतो आणि पुस्तिकेत "बेअरिंगची झीज" असं लिहिलंय. रीरँकरपुढे तो उतारा जातच नाही.

तळटीप

आता तुमचा सगळ्यात मोठा ढीग तोच आहे. एम्बेडिंग मॉडेल तुमच्या जुन्या फोनच्या नोंदींवर पुन्हा शिकवणं किंवा उताऱ्यांना तक्रारीच्या भाषेतल्या ओळी जोडून मग अनुक्रमणिका करणं, हे दोन रस्ते आहेत. मी दुसऱ्यापासून सुरुवात करेन, शिकवण्याइतक्या जोड्या तुमच्याकडे आहेत का माहीत नाही. पण पहिला टप्पा सुधारला की सहा ते तीसमधले ४१ सुद्धा कमी होतील, काही आपोआप पाचात येतील. म्हणजे रीरँकरची कमाई घटेल आणि हे सगळं पुन्हा मोजावं लागेल.

रात्रपाळी

आमच्याकडे पाच उतारे देऊन बघितले. रीरँकर नसताना उत्तरं स्पष्ट बिघडली, लावल्यावर विसांइतकीच राहिली. वेळेचं अजून मोजायचंय, पण काढायच्या बाजूचं माझं मत सध्या मागे घेतो.

ओंजळभर

तक्रारीच्या ओळी जोडायचं काम सुरू करतेय. तोपर्यंत रीरँकर तीस उमेदवारांवर ठेवतोय, साहेबांनी ४३० मिलिसेकंदांना हो म्हटलंय. जाणकारांचं ज्यावर एकमत होत नव्हतं तो एक उतारा मात्र अजून तसाच आहे. दोघंही हटत नाहीत.